अंतरपाटाच्या अलीकडे

हळदीचा फोटो होता. अंगणात पाट, पाटावर नवरी आणि तिच्या गालाला हळद लावायला वाकलेली आत्या. वाकताना आत्यांच्या डोक्यावरचा रुमाल मागे सरकला होता आणि दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. सकाळचं ऊन नेमकं बाजूने येत होतं. असा फोटो हंगामात एखादाच मिळतो. नवरा-नवरीची परवानगी होती, तीही लेखी. मी तो माझ्या कामाचा नमुना म्हणून इन्स्टाग्रामवर टाकला. चौथ्या दिवशी आत्यांचा फोन आला. "फोटो छान आलाय हो. पण माझी केमो चालू आहे हे मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. आता सगळ्या स्टाफरूमने बघितलाय. तुम्ही त्या दोघांना विचारलंत, बरोबर आहे. मला कुणी विचारायचं होतं?"

पोस्ट मी दोन मिनिटांत उडवली. स्टाफरूममधून ती उडवायची सोय नव्हती.

लग्नाची कामं करणाऱ्याला नमुना दाखवल्यावाचून गत्यंतर नाही. कामाला बोलावणाऱ्याने आपला हात बघितलेला नसतो, आणि 'कँडिड छान काढतो' एवढ्या बोलण्यावर कुणी ॲडव्हान्स देत नाही. पूर्वी स्टुडिओच्या दर्शनी काचेत एखाद्या नवरीचा मोठा फोटो लावलेला असायचा. तेव्हाही तिला कुणी विचारत नव्हतं, उगाच जुन्या काळाचे गोडवे गायला नकोत. पण ती काच बाजारपेठेपुरती होती. ऊन लागून वर्ष-दोन वर्षांत फोटोचे रंग उडायचे आणि त्या जागी दुसरी नवरी यायची. मोबाइलवरच्या नवरीचे रंग उडत नाहीत. शिवाय तिला बघणारा कोण, कुठल्या गावचा, हे तिला कळायला मार्ग नाही.

दोन दिवसांचं लग्न आणि दोन कॅमेरे असले की तीन हजारांच्या आसपास क्लिक होतात. त्यातले पाच-सहाशे घरच्यांना जातात आणि नमुन्याच्या पोस्टला लागतात आठ-दहा. सगळा प्रश्न या आठ-दहांचा आहे.

आमच्या धंद्यात बहुतेकांची समजूत अशी की बटण मी दाबलं, म्हणजे फोटो माझा. कायदा उलट सांगतो. १९५७च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७नुसार, पैसे देऊन ज्याने फोटो काढून घेतला तोच त्याचा पहिला मालक ठरतो, वेगळा करार नसेल तर. म्हणून तर बुकिंगच्या कागदावर खाली बारीक अक्षरात एक ओळ असते : 'छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क फोटोग्राफरकडे राहील.' माझ्याही कागदावर ती होती. पण त्या कागदावर सही कुणाची? बहुतेक वेळा मुलीच्या वडिलांची, लग्नाच्या सहा महिने आधी, हॉल आणि केटररची घाई चालू असताना. एकही फोटो काढला गेलेला नसतो, आणि ज्यांचे निघणार ते दोघं त्या खोलीत नसतातही. मालकीचा प्रश्न त्या सहीने सुटत असेल, फोटोतल्या माणसाचा सुटत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा संमती कशी असावी हे सांगतो : दबावाशिवाय, नेमक्या कामासाठी, समजून आणि बिनशर्त दिलेली, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येईल अशी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत ठेवली गेली. मला मात्र ती व्याख्या कायद्यापेक्षा कामाची कसोटी म्हणून पटली. वडिलांची सहा महिने आधीची सही तिच्यातल्या एकाही शब्दाला उतरत नाही.

म्हणून ती ओळ मी काढून टाकली. बुकिंगच्या वेळी आता फक्त एवढंच सांगतो, की लग्नानंतर काही फोटो दाखवायला मागेन, नाही म्हणालात तरी दर तोच राहील. काही जण परवानगी दिल्यास सूट देतात, तर काही जण 'फोटो कुठे टाकायचे नाहीत' म्हटलं की जास्त पैसे लावतात. दोन्ही मला पटत नाही. खर्चाने वाकलेल्या बापाला पाच हजारांची सूट दाखवली की तो मुलीच्या वतीने हो म्हणून मोकळा होतो.

खरं विचारणं अल्बम हातात पडल्यावर. मी चौदा-पंधरा फोटो निवडतो, लहान आकारात, वर आडवं नाव घालून, प्रत्येकाला क्रमांक देऊन, आणि नवरा-नवरीला वेगवेगळे पाठवतो, ज्याच्या त्याच्या नंबरवर. घरच्या ग्रुपवर कधीच नाही. ग्रुपवर सासूबाईंनी 'किती गोड!' लिहून बदाम टाकला की नवी सून 'नको' कशी म्हणणार? मेसेज ठरलेला आहे : 'हे फोटो माझ्या कामाचा नमुना म्हणून माझ्या पानावर सगळ्यांना दिसतील. जे चालतील त्यांचेच क्रमांक कळवा. कारण सांगायची गरज नाही. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर नको असं समजेन. पुढे कधीही काढायला सांगू शकता.' दोघांच्या यादीत जे क्रमांक समान तेवढेच पुढे जातात. गप्प बसणं म्हणजे होकार, हा लग्नघरातला जुना नियम इथे चालवायचा नाही.

मग माझं काम सुरू होतं, कारण फोटोत तिसरा कुणीतरी असतोच. गेल्या मे महिन्यातल्या एका लग्नाचंच बघा. पाठवले चौदा, दोघांच्या यादीत समान निघाले अकरा. नवरीने वगळलेल्यांत एक नऊवारी नेसवतानाचा होता. त्यात तिच्या पाठीचा जेमतेम चार बोटं भाग दिसत होता आणि मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. मला काय वाटतं याचा इथे संबंध नाही, हे शिकायला बराच वेळ लागला.

अकरा फोटो मी मोठ्या पडद्यावर उघडले आणि कोपऱ्यांपासून बघत आलो. आपली नजर मधल्या चेहऱ्यावर जाते, घोळ कडेला असतो. रुखवताच्या फोटोत मागच्या भिंतीवर हॉलचं नाव होतं, आणि लाडवांच्या ताटाला लग्नपत्रिका टेकवून ठेवलेली. मोठं करून बघितलं तर पत्ता आणि मामांचा मोबाइल नंबर स्वच्छ वाचता येत होता. अक्षरं धुरकट करण्यावर माझा भरवसा नाही. हलकं धुरकट केलं तर आकडे अंदाजाने लावता येतात. म्हणून फोटो कापून फक्त ताट आणि विणलेला रुमाल ठेवला, आणि खरं तर तो आधीपेक्षा बरा दिसला. पाठवणीच्या फोटोत फुलांनी सजवलेल्या गाडीची नंबर प्लेट होती, ती खालून कापली. मेंदीच्या हातांचा फोटो मला निर्धोक वाटला होता. चेहराच नाही ना! पण तळहाताच्या नक्षीत नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. दोघांना पुन्हा विचारलं, ते 'चालेल' म्हणाले, ठेवला.

करवलीचा फोटो अवघड गेला. सहा वर्षांची, हातात कऱ्हा-दिवा, डोळ्यांवर झोप. नवरीची ती भाची, पण भाचीसाठी मावशीचा होकार धरायचा नसतो. तिच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, "आम्ही तिचे फोटो कुठेच टाकत नाही." विषय संपला. त्याच क्षणाचा दुसरा फोटो माझ्याकडे होता, फक्त दिवा आणि तो सावरून धरलेले दोन हात. तो त्यांना दाखवला, चालला.

चेहऱ्यावर काळी पट्टी किंवा चौकटी घालणं मी टाळतो. लग्नातला माणूस पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसतो, आणि ओळखणारे उभं राहण्यावरून, साडीवरून ओळखतातच. त्यापेक्षा फोटो काढतानाच एक जोडीचा फोटो घ्यायचा, ही सवय आत्यांच्या फोननंतर लागली. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंचे चेहरे टिपायचेच, पण एक पाऊल मागे सरून कापडावर पडलेली सावली, पाटावरची पावलं, टाचेखाली चिरडलेल्या अक्षता हेही घ्यायचं. मुंडावळ्या मागून बांधतानाची बोटं, कानपिळीला भावाचा नुसता हात आणि नवऱ्याचा लाल झालेला कान. असे फोटो बघून प्रकाश, रंग आणि नेमका क्षण मला साधतो का, हे कामाला बोलावणाऱ्याला कळतं. मर्यादाही आहे. रडणाऱ्या माणसाजवळ मी किती शांतपणे वावरतो हे हातांच्या फोटोतून दिसत नाही. तेवढ्यासाठी दोन-तीन चेहरे लागतात, आणि ते नीट विचारूनच मिळतात.

त्या लग्नाचे शेवटी आठ फोटो टाकले, लग्नानंतर पाच आठवड्यांनी. घर कुलूप लावून मंडळी फिरायला गेलेली असताना नवरीचे दागिने जगाला दाखवायचे नाहीत, एवढी अक्कल हवी. आडनाव नाही, हॉलचं ठिकाण नाही, कुणाला टॅग नाही. ओळ एवढीच : 'साताऱ्याकडचं लग्न, मे महिना.' मोबाइलवर घेतलेल्या फोटोंच्या फाइलीत जागेचा ठावठिकाणा नोंदलेला असू शकतो, म्हणून मूळ फाइल मी कुठेच चढवत नाही. ती नोंद पुसून छोटी प्रत काढतो.

एवढं करूनही सगळं आपल्या हातात राहत नाही. एका जोडप्याचं दीड वर्षात फाटलं. तिचा मेसेज आला, "दादा, आमचे फोटो काढाल का?" माझ्या पानावरचे तीन काढायला काहीच वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढे. लग्नानंतर मेकअपवालीने तिच्या कामाचे चार मागितले होते, डेकोरेशनवाल्याने मंडपाचे, हॉलच्या मॅनेजरने स्टेजचे. तेव्हा मी कुणाला काय दिलं ते लिहून ठेवत नव्हतो. आता वहीत जोडप्याच्या नावासमोर कोणता क्रमांक कुणाला, कधी दिला, हे लिहितो, आणि देण्याआधी जोडप्याला पुन्हा विचारतो. तेव्हा मात्र जुने मेसेज चाळून एकेकाला फोन केले. मेकअपवालीने लगेच काढले, डेकोरेशनवाल्याने दोन दिवसांनी. कुणी स्क्रीनशॉट घेऊन ठेवला असेल तर तो माझ्या हातात नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

हॉलचा मॅनेजर अडून बसला. "अहो, त्या एका फोटोत आमच्या झुंबराचं लायटिंग कसलं आलंय!" मी म्हटलं, झुंबराचाच देतो. पुढच्या मंगळवारी हॉल रिकामा होता. सगळे दिवे लावायला सांगून, स्टुलावर चढून, मी त्याला रिकाम्या स्टेजचे सहा फोटो काढून दिले. पैसे घेतले नाहीत. त्याने तिचा फोटो संध्याकाळी काढला.