सोडियमच्या दाराची कडी

माकुळाच्या अंगात एक मज्जातंतू इतका जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आपल्या शरीरातला तंतू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहून बारीक असतो. माकुळाचा हा तंतू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतो. त्यात लांबून तार सरकवता येते. १९४९ साली इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातल्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी नेमकं तेच केलं, आणि मज्जातंतूतला संदेश कसा तयार होतो याचं कोडं १९५२ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधांनी सोडवलं.

त्यांनी काय पाहिलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. तंतू शांत असतो तेव्हा त्याच्या आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने उणा असतो. बाहेर सोडियम भरपूर आणि आत थोडं. पोटॅशियमचं नेमकं उलट. दोन्ही आयन धन भाराचे. एका उपकरणाच्या मदतीने हॉजकिन आणि हक्सली यांनी तंतूचं व्होल्टेज एका झटक्यात शून्याच्या जवळ नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. त्याबरोबर सोडियमचा लोंढा आत घुसला. मिलिसेकंदाच्या आत तो शिगेला पोचला आणि पुढच्या काही मिलिसेकंदांत ओसरून गेला. व्होल्टेज जागचं हललं नव्हतं. ज्या व्होल्टेजने वाट उघडली, त्याच व्होल्टेजवर ती आपोआप बंद झाली. पोटॅशियमची वाट मात्र सावकाश उघडली आणि व्होल्टेज धरून ठेवलं तोवर उघडीच राहिली.

याचा अर्थ असा की सोडियमच्या वाटेला बंद होण्याचे दोन वेगळे प्रकार असले पाहिजेत. ही वाट म्हणजे तंतूच्या पटलात रुतून बसलेला एक मोठा प्रथिन रेणू, सोडियम चॅनेल. घरातलं दार नुसतं लोटलेलं असतं तेव्हा ते बंद दिसतं, पण ढकललं की उघडतं. आतून कडी लावली असेल तर ढकलून उपयोग नसतो. सोडियम चॅनेलच्या तीन अवस्था अशाच आहेत: लोटलेलं दार, उघडं दार आणि कडी लागलेलं दार. पहिल्या आणि तिसऱ्या अवस्थेत सोडियमचा एकही कण आत जात नाही, पण त्या दोन अवस्था एक नव्हेत. माझ्या मते ज्याला हा फरक कळला त्याला ॲक्शन पोटेन्शियल कळलं. उरलेला आलेख त्यातून आपोआप निघतो.

तो कसा, ते एका तंतूवर पाहू. उणे ७० मिलिव्होल्टवर सोडियमची जवळजवळ सगळी दारं लोटलेली आहेत, पोटॅशियमचीही बंद आहेत. कुठून तरी चेतना आली, टोचलं किंवा शेजारच्या भागातून प्रवाह आला, आणि आतला भाग थोडा कमी उणा झाला. काही सोडियम दारं उघडली, थोडं सोडियम आत आलं. सोडियमचा भार धन, म्हणून आतला उणेपणा आणखी घटला. तो घटला म्हणून आणखी दारं उघडली. उणे ५५ च्या आसपास अशी वेळ येते की आत येणारं सोडियम बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमवर मात करतं आणि मग हा प्रकार थांबत नाही. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत व्होल्टेज शून्य ओलांडून अधिक ३० च्या पलीकडे जातं. आलेखातली ती सरळ उभी चढण ती हीच. अर्धवट संदेश का नसतो, याचंही उत्तर इथेच आहे. तो उंबरठा ओलांडला तर पूर्ण उसळी, नाही तर काहीच नाही.

शिखरावर दोन गोष्टी घडतात. उघडलेल्या सोडियम दारांना एकामागून एक कड्या लागत जातात. त्याच वेळी सावकाश उघडणाऱ्या पोटॅशियम चॅनेलची वेळ आलेली असते. आतलं पोटॅशियम बाहेर निघतं, सोबत धन भार नेतं, आणि व्होल्टेज खाली घसरतं. पोटॅशियमची दारं मिटायलाही उशीर लावतात, म्हणून व्होल्टेज काही काळ उणे ७० च्याही खाली जाऊन मग पूर्वपदावर येतं. विद्यार्थी अनेकदा असं समजतात की ही उतरण सोडियम-पोटॅशियम पंपामुळे होते. तसं नाही. एका उसळीत इतके थोडे आयन इकडून तिकडे जातात की जाड तंतूत आतबाहेरच्या साठ्यात सांगण्यासारखा फरकही पडत नाही. पंप तो साठा भरून ठेवतो, पण सावकाश, मागाहून. उतरणीचं काम पोटॅशियमच्या दारांचं आणि सोडियमच्या कड्यांचं.

आता कडी निघते कधी? व्होल्टेज शून्याजवळ असेपर्यंत नाही. आतला भाग पुन्हा पुरेसा उणा व्हावा लागतो, आणि त्यानंतरही मिलिसेकंदभर किंवा काही मिलिसेकंद जावे लागतात. मग कडी निघून दार पुन्हा नुसतं लोटलेलं होतं. मधल्या काळात कितीही जोराची चेतना द्या, तंतू दाद देत नाही. कड्या हळूहळू निघू लागल्या की एक अशी वेळ येते की काही दारं तयार आहेत, काही नाहीत, आणि पोटॅशियमची काही अजून उघडीच आहेत. तेव्हा नेहमीपेक्षा जोराची चेतना दिली तरच उसळी येते. संदेश पुढेच का जातो, मागे का वळत नाही, याचं कारणही तेच. तो ज्या भागातून नुकताच गेला तिथल्या दारांना कड्या लागलेल्या असतात. पुढच्या भागातली दारं मात्र लोटलेली, ढकलायला तयार.

ही कडी प्रत्यक्षात काय आहे, हे पुढच्या काही दशकांत उलगडत गेलं. १९७३ साली क्ले आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकुळाच्या तंतूच्या आतून प्रोनेज नावाचं प्रथिन कुरतडणारं एन्झाइम सोडलं. त्यानंतर सोडियम चॅनेल पूर्वीसारखे उघडत, पण कडी लागेना. व्होल्टेज धरून ठेवलं तोवर सोडियम आत येतच राहिलं. म्हणजे कडी हा चॅनेलच्या आतल्या बाजूला असलेला, कुरतडून काढता येणारा प्रथिनाचा तुकडा आहे. पुढे चॅनेलची रचना कळली तेव्हा दिसलं की त्याचे एकसारखे चार भाग आहेत, आणि तिसऱ्या व चौथ्या भागाला जोडणारा आतला छोटा धागा हीच ती कडी. चारही भागांत धन भाराची एकेक दांडी असते. आतला भाग उणा असताना ती आत खेचलेली असते. उणेपणा घटला की बाहेरच्या बाजूला सरकते. पहिल्या तीन भागांच्या दांड्या चटकन सरकतात आणि दार उघडतं. चौथ्याची दांडी मागाहून सरकते, आणि ती सरकली की कडी लागते. उघडणं आणि कडी लागणं यांत जो क्षणाचा अवकाश मिळतो, तो या चौथ्या दांडीच्या विलंबातून.

आता कोकणातल्या लाल विंचवाकडे येऊ. त्याच्या विषात छोट्या प्रथिनांचं मिश्रण असतं. त्यांतली काही बाहेरच्या बाजूने येऊन चौथ्या भागाला चिकटतात आणि तिथली दांडी बाहेर सरकू देत नाहीत. बाकीच्या तीन दांड्या मोकळ्याच असतात. त्यामुळे दार नेहमीप्रमाणे उघडतं, पण कडी वेळेवर लागत नाही. आर्मस्ट्राँग यांनी आतून एन्झाइम सोडून जे केलं, त्याच्या जवळ जाणारी गोष्ट विंचू बाहेरून करतो. एक-दोन मिलिसेकंदांत संपणारी उसळी लांबत जाते. याच विंचवाच्या विषात एका जातीच्या पोटॅशियम चॅनेलचं तोंड बंद करणारं आयबेरिओटॉक्सिनही सापडलं आहे. म्हणजे उतरणीचाही एक मार्ग अडतो. एका संदेशाच्या जागी तंतू संदेशांची माळ सोडू लागतो.

डंखाच्या जागची असह्य कळ यातूनच येते. पण जीव जातो तो वेदनेने नव्हे. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जाणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंची दारंही अशीच उघडी राहतात. त्यांच्या टोकांतून आणि अधिवृक्क ग्रंथींतून नॉरॲड्रिनलिन, ॲड्रिनलिन भराभर बाहेर पडतं. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, रक्तदाब चढलेला. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या की हृदयाला त्या ताणाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. ते थकतं आणि फुप्फुसांत पाणी साठतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी असे रुग्ण खाटेशेजारी बसून पाहिले आणि लक्षणं कोणत्या क्रमाने येतात ते नोंदवलं. त्यांनी वापरात आणलेलं प्राझोसिन हे औषध चॅनेलला हात लावत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्यांवर नॉरॲड्रिनलिन जिथे काम करतं ती जागा ते अडवतं, वाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. दारं अजून बिघडलेलीच असतात, पण त्यांचा जीवघेणा परिणाम थोपवला जातो.

लस विषावर थेट काम करते, तीही अर्थात तोवर रक्तात फिरत असलेल्या विषावर जास्त परिणामकारक. महाडमध्येच झालेली आणि २०११ साली प्रसिद्ध झालेली एक तुलना यासाठी महत्त्वाची आहे. ७० रुग्णांपैकी अर्ध्यांना नुसतं प्राझोसिन, अर्ध्यांना त्यासोबत लस दिली. लस मिळालेल्यांतले बहुतेक जण दहा तासांत सावरले. नुसत्या प्राझोसिनवर असलेल्यांतले फार थोडे. रुग्णालयात जितक्या लवकर पोचावं तितकं लसीला हाती लागणारं विष जास्त, हे यामागचं साधं कारण.

डंखाच्या जागच्या कळेसाठी डॉक्टर लिग्नोकेन टोचतात, तेच दातांचे डॉक्टर हिरडीत टोचतात ते. त्याचं काम विंचवाच्या अगदी उलट चालतं. ते तंतूच्या पटलातून आत शिरतं आणि सोडियम चॅनेलच्या पोकळीत आतल्या बाजूने बसतं. लोटलेल्या दाराला ते सैल चिकटतं. उघड्या आणि कडी लागलेल्या दाराला मात्र घट्ट. एकदा ते बसलं की कडी निघायला वेळ लागतो. म्हणून जो तंतू वारंवार संदेश सोडत असतो, म्हणजे ज्याची दारं पुन्हा पुन्हा उघडतात आणि कडी घेतात, त्याच्यावर लिग्नोकेनचा अंमल अधिक चढतो. शांत पडलेल्या तंतूंपेक्षा कळ वाहून नेणारा तंतू त्याला आधी सापडतो.