आठवडाभराचा संप

सिकलसेल असलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन एरवी ८ च्या आसपास असतं. ताप येतो आणि आठवड्यात ते ४ वर! रक्तस्राव नाही, कावीळही वाढलेली नाही. मग रक्त गेलं कुठे?

गेलं नाही, तयारच झालं नाही. पार्व्होव्हायरस बी-१९ हा विषाणू अस्थिमज्जेतल्या कोवळ्या लाल पेशींनाच मारतो आणि आठवडा-दहा दिवस उत्पादन ठप्प होतं. निरोगी माणसाची लाल पेशी १२० दिवस जगते, त्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही. सिकलसेलची पेशी जेमतेम १०-२० दिवसांची सोबती.

१९८१ मध्ये लंडनमधल्या सिकलसेलग्रस्त मुलांत हा संबंध उघड झाला. गडचिरोली-नंदुरबारकडच्या डॉक्टरांनीही रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या लाल पेशी, मोजाव्यात. त्या शून्याजवळ असतील तर संशय पक्का. वेळेवर रक्त चढवलं की मज्जा बहुधा आपणहून कामाला लागते.