आरओची धार बारीक झाली तर

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की पंधरा-वीस दिवसांत घरोघरी एकच तक्रार सुरू होते: फिल्टरची टाकी भरतच नाही. मेकॅनिक येतो, यंत्र उघडतो आणि म्हणतो, "मेम्ब्रेन गेलाय." हा सगळ्यात महागडा निदानप्रकार. तो मान्य करण्याआधी मापाचं एक भांडं आणि घड्याळ घेऊन बसावं.

आधी नीट पाहावं की टाकीच रिकामी राहते, की भरलेली असूनही तोटी बारीक चालते. टाकी भरलेली असेल, तर दोष तोटीत किंवा टाकीनंतरच्या नळीत-फिल्टरमध्ये. मेम्ब्रेनचा त्याच्याशी संबंध नाही.

टाकी भरत नसेल, तर खरी साक्ष वेस्ट पाण्याची नळी देते. आत आलेल्या पाण्याच्या मेम्ब्रेनपाशी दोन वाटा होतात. थोडं पाणी दाबाखाली गाळून टाकीत जातं, उरलेलं क्षार घेऊन वेस्टच्या नळीतून बाहेर पडतं. त्या वाटेवर एक बारीक छिद्राचा अडसर असतो, म्हणून आत दाब टिकतो. यंत्र चालू असताना दोन्ही नळ्यांचं पाणी एकेक मिनिट मोजावं. ७५ गॅलनचा मेम्ब्रेन चांगल्या स्थितीत मिनिटाला साधारण २०० मिली शुद्ध पाणी देतो. वेस्ट बहुधा त्याहून जास्त असतं.

समजा, शुद्ध ६० मिली आलं आणि वेस्टही जेमतेम ९०. म्हणजे मेम्ब्रेनपर्यंत पाणीच पोचत नाही. बाहेरच्या भांड्यातली पांढरी कॅन्डल काढून पाहा. चहाच्या रंगाची, हाताला बुळबुळीत लागली, की गाळाने ती चोंदली असं समजावं. ती धुऊन वरचा थर निघतो, आतला नाही, बदललेली बरी. नवी बसवून वेस्ट ४०० आणि शुद्ध १८० वर आलं, तर प्रश्न शे-दोनशे रुपयांत मिटला. तरीही दोन्ही धारा क्षीणच असतील, तर कार्बन फिल्टर तपासावा, आणि मग पंप. पंपाला २४ व्होल्ट पुरवणारा अडॅप्टर उतरला, तरी पंप गुणगुणत राहतो, पण दाब निर्माण होत नाही. आवाज येतोय म्हणजे पंप ठीक, असं मानू नये.

याउलट वेस्ट ४०० आणि शुद्ध तेवढंच ६०, तर पाणी पोचतंय, पण गाळून निघत नाही. इथे मेम्ब्रेनवर क्षार साचल्याचा संशय रास्त. बोअरच्या जड पाण्यावर हे लवकर होतं. मात्र वेस्टचा लोंढाच वाहत असेल, तर अडसर निकामी झालेला असतो आणि दाब निसटतो. तो भाग मेम्ब्रेनपेक्षा पुष्कळ स्वस्त.

थंडीतली मोजणी वेगळी धरावी. पाण्याचं तापमान एक अंशाने उतरलं, की धार सुमारे ३ टक्क्यांनी घटते. जानेवारीत नाशिकच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १५ अंशांवर आलं, तर उन्हाळ्याच्या तुलनेत तिसरा हिस्सा कमी पाणी मिळणार, आणि त्यासाठी काहीही बदलायला नको.