उन्हातही, ट्यूबखालीही

घरातल्या मुंजीत बटूच्या आईचा दिवस पहाटेच सुरू होतो. सकाळची मंगल कार्ये आणि मातृभोजन हॉलमध्ये, मग अंगणात फोटो, पुन्हा हॉलमध्ये मुहूर्त आणि जेवणावळ, संध्याकाळी भिक्षावळीसाठी देवळापर्यंत मिरवणूक आणि रात्री पाहुण्यांना निरोप देताना परत ट्यूबखाली. मध्ये साडी बदलायला वेळ मिळतो म्हणतात, पण प्रत्यक्षात बऱ्याच जणी मुहूर्ताची साडीच रात्रीपर्यंत नेसून असतात. अशा साडीचा रंग दुकानातल्या एकाच उजेडात बघून ठरवला, की अंगणात डाळिंबी दिसलेली साडी हॉलच्या कोपऱ्यात तपकिरी दिसते.

कापड आपल्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग गिळतं आणि उरलेला परत पाठवतं. जे उजेडातच नाही, ते परत येणार कुठून? सूर्यप्रकाशात जांभळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत सगळं असतं, तेही सलग. जुन्या पद्धतीच्या ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ आणि काचेच्या आतून लावलेली पावडर मिळून उजेड तयार होतो. तो तुकड्यातुकड्यांत येतो: निळा थोडा, हिरवा भरपूर, नारिंगी-तांबडा बेताचा. आता सगळीकडे बसलेली एलईडी ट्यूब निळा उजेड पिवळ्या पावडरीतून पाठवते. तिच्यात तुकडे कमी, पण गडद तांबडा बहुधा तिच्यातही अपुराच. म्हणून दोन्हींखाली पहिला फटका बसतो तो खोल तांबड्यावर उभ्या असलेल्या रंगांना. मरून तपकिरीकडे झुकतो, आमसुली आणि अंजिरी जवळजवळ काळे पडतात. वांगी रंग निळा आणि तांबडा अशा दोन टोकांवर तोललेला असतो. त्यातलं तांबडं कमी झालं की तो निळसर दिसतो, आणि स्टेजवरच्या पिवळ्या फोकसखाली उलट लालसर होतो. एका दिवसात तीनदा रंग बदलणारी साडी बघायची असेल, तर वांगी बघावी.

यापेक्षा फसवे असतात ते मळकट, मिश्र रंग: शेवाळी, करडा, बदामी, मातकट गुलाबी. दिवसा ते फार सुरेख दिसतात. रंगारी असे रंग बहुतेक वेळा लाल, पिवळा आणि निळा असे तीन रंग मोजूनमापून मिसळून साधतो. तोल इतका नाजूक असतो, की उजेडात एक रंग जरा कमी पडला तरी करडा हिरवट होतो आणि बदामी फिकट, आजारी दिसू लागतो. कापड गिरण्यांत यासाठीच रंगाचा नमुना एका बंद पेटीत ठेवून आलटून पालटून दिवसाचा उजेड, दुकानातली ट्यूब आणि पिवळा बल्ब लावून तपासतात. आपल्याकडे पेटी नसली तरी तीच तपासणी दुकानाच्या दारात होऊ शकते.

मग टिकतं काय? आंब्यासारखा भरीव पिवळा रंग फक्त निळा उजेड गिळतो आणि बाकी जवळपास सगळा परत करतो, म्हणून तो दोन्हीकडे पिवळाच राहतो. त्याच्यातला लिंबू मात्र ट्यूबखाली हिरवट वाटतो, तो टाळावा. अबोली आणि नारिंगीही बऱ्यापैकी तग धरतात, आणि पदराचं ऊबदार प्रतिबिंब हनुवटीवर पडल्याने ट्यूबखाली उतरलेला चेहरा जरा सावरतो. पण दिवसभराच्या साडीसाठी माझं मत मोरपंखीला आहे. निळा आणि हिरवा हे तर ट्यूबच्याच घरचे रंग, उन्हातही तेच, त्यामुळे मोरपंखी गडबडत नाही.

मोरपंखीची खरी करामत विणीत असते. धूपछाव विणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, मोरपंखीत सहसा निळा आणि हिरवा. अंगणातलं ऊन एका बाजूने येतं, म्हणून चालताना निऱ्यांच्या घडीत कधी निळा वर येतो, कधी हिरवा. हॉलमध्ये छताला ओळीने लावलेल्या ट्यूबांचा उजेड सगळीकडून सारखा पडतो, म्हणून हा खेळ मंदावतो आणि दोन्ही धागे एकमेकांत मिसळून दिसतात. निळा आणि हिरवा मिसळले तरी मोरपंखीच उरतो. लाल-हिरव्या धूपछावेत मात्र तेच मिसळणं तपकिरीवर जातं. दुकानदार ती साडी हाताने हलवत दाखवतो तेव्हा ती झळाळते, पण हॉलमध्ये आपण तासन् तास पाटावर बसलेले असतो. म्हणून धूपछाव साडी घेताना ती गादीवर सपाट पसरून, दोन पावलं मागे जाऊन बघा. तेव्हा जो रंग दिसेल, तोच रात्री दिसणार आहे.

गडदपणाही तितकाच महत्त्वाचा. दुपारचं ऊन हॉलच्या उजेडापेक्षा शंभरपटीहून प्रखर असू शकतं. डोळा ते सांभाळून घेतो, पण मंद उजेडात रंग त्याला फिकट आणि मळके वाटतात. म्हणून काळपट गर्द साडी हॉलमध्ये नुसती काळी दिसते, तर सायीसारखी फिकट साडी उन्हात पांढरीफटक. मधली खोली असलेला रंग दोन्हीकडे जगतो. शुभ्र पांढऱ्याचं आणखी एक: कारखान्यात लावलेला चमक आणणारा पदार्थ उन्हातल्या अतिनील किरणांनी उजळतो, एलईडीत ते किरण जवळपास नसतात, म्हणून तोच पांढरा संध्याकाळी पिवळसर वाटतो.

आता एक निवड करून बघू. बटूच्या आईपुढे तीन रेशमी साड्या आहेत: आमसुली, शेवाळी आणि मोरपंखी, तिन्हींना सोनेरी जरीचे काठ. आधी पाचदहा लाल साड्या बघून झाल्या असतील तर डोळा थकलेला असतो आणि पुढची हिरवी उगाचच जास्त हिरवी वाटते. तेव्हा मिनिटभर गादीवरच्या पांढऱ्या चादरीकडे बघावं. मग प्रत्येक साडीचा पदर खांद्यावर घेऊन, स्पॉटलाइटपासून दूर, साध्या ट्यूबखाली आरशात पाहावं. त्यानंतर दाराबाहेर सावलीत, थेट उन्हात नव्हे. आमसुली बाहेर रसरशीत, आत काळपट, आणि काठ तेवढा वेगळा उठून दिसतो. शेवाळी बाहेर शांत, आत चेहऱ्याशी भांडते. मोरपंखी दोन्हीकडे तशीच, जरीही तिच्यावर पिवळी राहते. मोबाइलचा फोटो या परीक्षेत धरू नये, कारण कॅमेरा उजेडाचा रंग आपोआप सुधारतो आणि नेमका आपल्याला हवा तो फरक पुसून टाकतो. शक्य असेल तर कार्यालय ठरवतानाच तिथल्या ट्यूबवर काय छापलंय ते वाचावं. 865 हा आकडा असेल तर 8 म्हणजे रंग बऱ्यापैकी खरे दाखवणारी ट्यूब, आणि 65 म्हणजे 6500K, थंड पांढरा उजेड.

साडी ठरली तरी ब्लाउज उरतोच. मॅचिंग सेंटरमध्ये ट्यूबखाली तंतोतंत जुळलेला सुती किंवा पॉलिस्टर तुकडा बाहेर आल्यावर वेगळाच दिसू शकतो, कारण रेशीम आणि पॉलिस्टर वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगतात आणि ते फक्त एका उजेडात एकसारखे भासतात. साडीतलाच ब्लाउजपीस वापरला तर हा प्रश्नच येत नाही. तो नसेल तर जुळवण्याच्या नादी न लागता मोरपंखीवर सरळ आंबा किंवा राणी रंगाचा ब्लाउज शिवावा. तो किंचित सरकला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.