मुहूर्त तेराचा, रिटर्न अकराचं

गुरुजी मुहूर्त काढताना जीएसटीचं वेळापत्रक पाहत नाहीत. समजा, पुण्यातल्या एका कंपनीतला लेखापाल आहे. धाकट्या बहिणीचं लग्न सांगलीला, शनिवारी १३ फेब्रुवारीला. आदल्या दिवशी हळद, रविवारी पूजा-गोंधळ, सोमवारी पाहुण्यांची रवानगी. आणि विक्रीचा तपशील देणारं मासिक GSTR-1 भरायची शेवटची तारीख ११.

त्याने साहेबांना पाठवायच्या मेलचा विषय असा असावा: ‘बहिणीच्या लग्नासाठी रजा: ११, १२ व १५ फेब्रुवारी, १६ ला हजर’. मेल न उघडताही निम्मं काम होतं. ‘११ ते १५’ असं मोघम लिहिलं, तर काही कंपन्यांत मधले शनिवार-रविवारही रजेत धरले जातात. तो नियम आधी पाहून रजा तीन दिवसांची की पाचांची, हे मेलमध्येच लिहावं. लग्नाचं कारण एका ओळीत पुरे. सोबत पत्रिका जोडली की झालं.

खरी मेख कामं सोपवण्यात असते. ‘माझं काम सहकारी पाहतील’ या वाक्याला काही अर्थ नाही. कोण, काय, कधी? आणि तिच्याकडे त्याचे अधिकार आहेत का? दर शुक्रवारी पुरवठादारांचे पैसे जातात. बँकेच्या पोर्टलवर एकजण नोंद करतो, दुसरा मंजुरी देतो. नोंदीचं लॉगिन आपलं असेल, तर ओटीपी आपल्याच मोबाइलवर येणार, नेमका हळदीच्या वेळी! पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणं हा त्यावर उपाय नव्हे. सहकारीचं स्वतंत्र लॉगिन बँकेकडून करून घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच हा मेल महिनाभर आधी जायला हवा.

मजकूर साधारण असा:

‘सर, १३ फेब्रुवारीला सांगलीत बहिणीचं लग्न आहे. ११, १२ व १५ रोजी रजा मिळावी. ७ तारखेचा टीडीएस भरणा ५ लाच करतो. GSTR-1 आठ तारखेला आपल्यासमोर ठेवतो. आपल्या डिजिटल सहीने १० ला भरू. १२ चे पुरवठादारांचे पैसे सहकारी पाहतील. त्यांच्या लॉगिनचा अर्ज सहीसाठी सोबत जोडला आहे. ५ चे पैसे त्या माझ्यासमोर पाठवतील. GSTR-3B २० ला आहे, ते मी परत आल्यावर करेन.’

सहकारीचं नाव अर्थातच लिहावं, पण तिला आधी विचारून. आणि मेलची प्रत तिलाही जावी. पाच तारखेची रंगीत तालीम वगळू नये, कारण लॉगिन चालू नसेल तर ते तेव्हाच कळतं आणि दुरुस्तीला आठवडा उरतो.

राहिला फोन. ‘कधीही करा’ असं लिहिलं की मांडवातही फोन वाजतो. ‘१२ ला सकाळी ११ ते १२ उपलब्ध, १३ ला नाही’ एवढं स्पष्ट लिहावं.