वीस सेकंदांत किती मराठी मावते?

रेडिओवर जाहिरातीची वेळ दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते. दहा, वीस किंवा तीस सेकंदांचा स्पॉट घ्यायचा, आणि सांगायचे ते त्यातच बसवायचे. त्यामुळे जाहिरात लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न येतो तो शब्दांचा: "किती शब्द लिहू?" सेकंदाला अडीच शब्द, हे इंग्रजीतले माप बरेच जण मराठीलाही लावतात. तिथेच फसगत होते.

हिंदीत 'घर के पास की दुकान' हे पाच शब्द. मराठीत 'घराजवळचं दुकान' हे दोनच. पण म्हणून पाहिले तर हिंदीत सहा ठोके पडतात, मराठीत सात. म्हणजे शब्द निम्म्याहून कमी आणि वेळ थोडा जास्तच. आपली भाषा 'जवळ', 'साठी', 'च्या' सगळे शब्दालाच चिकटवते, आणि कॉम्प्युटर बिचारा मधल्या मोकळ्या जागा मोजतो.

म्हणून मोजायचे ते उच्चारातले ठोके. अक्षरेही मोजून चालत नाहीत. 'चकली' लिहायला तीन अक्षरे, पण तोंडात 'चक्-ली' असे दोनच ठोके. 'अनारसे'चे तीन. उलट 'नव्व्याण्णव' कागदावर कितीही भरगच्च दिसले तरी 'नव्-व्याण्-णव्' एवढेच. हलक्या आवाजात म्हणत बोटांवर मोजले की चूक होत नाही.

सहज, समजावून सांगणाऱ्या मराठी आवाजासाठी मी सेकंदाला साडेपाच ठोके धरतो. हळवी जाहिरात असेल तर साडेचार, सेलची आरडाओरड असेल तर सात. वाक्यांमधल्या विरामाला 0.4 सेकंद आणि वाक्यातल्या छोट्या विरामाला 0.15 सेकंद वेगळा ठेवतो.

आता एक काल्पनिक स्पॉट घेऊ. फराळाचे दुकान, वीस सेकंद. सुरुवातीच्या संगीताला एक सेकंद आणि शेवटी दुकानाच्या नावाच्या धुनेला दोन गेले, की बोलायला सतरा उरतात. पहिला मसुदा असा:

"दिवाळीच्या फराळासाठी आता घरी गॅसपाशी उभं राहायला नको. चकली, शंकरपाळे, अनारसे: सगळं ताजं, खुसखुशीत. दोन किलोच्या डब्यावर पाव किलो चिवडा मोफत. किंमत फक्त 1,499 रुपये. ऑर्डरसाठी फोन करा", आणि पुढे दहा आकडी नंबर.

कॉम्प्युटर सांगतो 29 शब्द. दिसायला आटोपशीर. पण ठोके मोजा: 23, 16, 14, 15 आणि 7. किमतीच्या वाक्यातला 1,499 हा 'एक' शब्द बोलताना 'एक हजार चारशे नव्व्याण्णव' असा आठ ठोक्यांचा होतो. फोन नंबर सोडून एकूण 75 ठोके, म्हणजे 13.6 सेकंद. विरामांचे 2.2. आणि नंबर? तो ऐकणाऱ्याच्या लक्षात राहायचा तर तुकडे पाडत, साडेचार सेकंद घेऊनच वाचावा लागतो. बेरीज वीसच्या वर, जागा सतराची.

इथे ग्राहक हमखास म्हणतो, "जरा फास्ट वाचा ना!" किंवा रेकॉर्डिंग नंतर मशीनवर आवळतात. आवळलेला आवाज ओळखायला सोपा: निवेदकाचा श्वास कुठेच ऐकू येत नाही, 'च्या' आणि 'ण्ण' एकमेकांत मिसळतात, आणि वाक्याचा शेवट गिळला जातो. मराठीत हे महागात पडते, कारण आपले क्रियापद शेवटी येते. 'उभं राहायला नको'मधला 'नको' दबला तर दुकानदार बाईंना गॅसपाशीच उभे करतो!

त्यापेक्षा काहीतरी काढावे. मी फोन नंबर काढीन. गाडी चालवताना रेडिओ ऐकणारा तो कुठे लिहून घेणार? त्या शेवटच्या वाक्याच्या जागी "आमच्या दादर आणि ठाण्याच्या दुकानांत." हे बारा ठोके. आता एकूण 80 ठोके, 14.5 सेकंद, त्यात विरामांचे 2.2 मिळवले की 16.7. बसले.

हे सगळे गणित अर्थात कागदावरचे. प्रत्येक निवेदकाची चाल वेगळी असते, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी त्याच्याकडून शंभर ठोक्यांचा मजकूर एकदा वाचून घ्यावा आणि स्टॉपवॉच लावावे. वीस सेकंद लागले तर त्याची गती पाच, साडेसोळा लागले तर सहा. साडेपाचच्या जागी तो आकडा टाकून हिशेब पुन्हा करावा. मनातल्या मनात वाचून वेळ लावू नये; मनात आपण सगळेच भरधाव वाचतो.

आणि हो, कॉम्प्युटरला विचारलेत तर न बसलेल्या मसुद्यात 29 शब्द होते. बसलेल्यात 30 आहेत.