नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली असं नव्हे

मानसशास्त्राचं किंवा समुपदेशनाचं शिक्षण घेणारा इंटर्न पहिल्यांदा सेशनची नोंद लिहायला बसतो तेव्हा गोपनीयतेबद्दल एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक असते: क्लायंटचं नाव लिहायचं नाही. नावाच्या जागी 'क्ष' लिहायचं, फाइल कपाटात ठेवायची, कपाटाला कुलूप लावायचं. मोठ्या शहरात एवढ्यावर कदाचित निभावेलही. पण महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, हा समज टिकत नाही. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस याच घाटात दरीत कोसळली. बसमधला एकच जण वाचला. आता एखाद्या कागदावर 'आंबेनळीच्या अपघातातून वाचलेली व्यक्ती' एवढेच शब्द असले, तर नाव लिहायचं काय राहिलं? त्या व्यक्तीचा कुठल्याही समुपदेशनाशी संबंध जोडण्याचा इथे हेतू नाही. मुद्दा इतकाच, की काही घटना अशा असतात की त्यांचा उल्लेख म्हणजेच नाव.

आणि या दोन तालुक्यांत अशा घटना थोड्याथोडक्या नाहीत. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी बस गेल्या. ऑगस्ट 2020 मध्ये महाड शहरात पाच मजली इमारत कोसळली. 22 जुलै 2021 रोजी तळिये गावावर दरड आली आणि 80हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. प्रत्येक घटनेत कोण गेलं, कोण उरलं, कोणाच्या घरात आता किती माणसं आहेत हे आसपासच्या वाड्यांना तोंडपाठ असतं. बाजाराच्या दिवशी मिनिडोरमध्ये शेजारी बसलेली व्यक्ती तीन तपशिलांवरून चौथा सांगू शकते. म्हणून इथे नोंदीची गोपनीयता कुलपावर थोडी आणि लिहिताना निवडलेल्या शब्दांवर जास्त ठरते. जे लिहिलंच नाही ते फुटू शकत नाही. पण जे लिहायलाच हवं ते गाळलं, तर क्लायंटचा जीव धोक्यात येऊ शकतो. नोंदीचं सारं कसब या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. घाटाखालच्या एका वाडीतली 20 वर्षांची मुलगी कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात येते. इंटर्न तिसऱ्या सेशननंतर लिहितो: 'क्ष, वय 20, दुसरं वर्ष. वाडीवर दरड आली त्या रात्री आजीकडे होती म्हणून वाचली. आई आणि धाकटा भाऊ गेले. वडील एसटीत ड्रायव्हर. चुलत्याने भरपाईचे पैसे लाटले. बाजारातल्या एका विवाहित दुकानदाराशी संबंध. डिप्रेशन आहे, स्वभाव हट्टी. मीही गेले असते तर बरं झालं असतं असं लक्ष वेधण्यासाठी म्हणते.' लिहिणाऱ्याला ही नोंद प्रामाणिक आणि भरगच्च वाटते, आणि नाव तर कुठेच नाही. प्रत्यक्षात तालुक्यातला कोणीही हा कागद वाचून मुलीच्या दारापर्यंत जाईल. चुलता आणि दुकानदार ही दोन माणसं तर केंद्रात आलेलीही नाहीत. त्यांच्यावरचे आरोप शहानिशा न होता फाइलमध्ये कायमचे बसले. 'डिप्रेशन आहे' हे निदान करण्याचा अधिकार इंटर्नला नाही. आणि सगळ्यात गंभीर चूक शेवटच्या ओळीत आहे. मुलगी मरणाबद्दल बोलली, आणि लिहिणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारण्याऐवजी तिच्या हेतूवर शेरा मारला.

तीच नोंद अशी होऊ शकते. केस क्रमांक, तारीख, तिसरं सेशन, 50 मिनिटं. 'पाऊस सुरू झाल्यापासून झोप लागत नाही, जोराच्या पावसाच्या रात्री अंथरुणावर बसून राहते, असं सांगितलं. जवळच्या माणसांच्या मृत्यूचा विषय निघाल्यावर बराच वेळ गप्प, हात घट्ट मिटलेले. घरातल्या आर्थिक वादाचा आणि एका नात्यातल्या ताणाचा उल्लेख केला. तिचे शब्द: मीही गेले असते तर बरं झालं असतं. आत्महत्येबद्दल थेट विचारलं. जगू नये असं कधीकधी वाटतं; मरण्याचा बेत नाही, साधन जवळ नाही, पूर्वी प्रयत्न नाही, असं म्हणाली. आत्याशी बोलणं होतं. त्याच दिवशी सुपरवायझरना प्रत्यक्ष भेटून कळवलं. त्यांच्या सांगण्यावरून पुढची भेट तीन दिवसांनी. आत्याला कल्पना देण्यास मुलीची संमती. टेलिमानसचा 14416 क्रमांक दिला.' ही नोंद पहिलीपेक्षा आखूड नाही. उलट जिथे धोका आहे तिथे ती जास्त सविस्तर आहे. ऐकलेलं, पाहिलेलं आणि केलेलं तिच्यात वेगळं ओळखू येतं. दुकानदार गेला, चुलता गेला, वडिलांची नोकरी गेली, कारण पुढच्या उपचाराला यातल्या कशाचीच गरज नव्हती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. दुकानदाराची गोष्टच मुलीच्या तगमगीच्या मुळाशी असेल तर? ती गाळून सुपरवायझर मार्गदर्शन कशावर करणार? उत्तर असं, की सुपरव्हिजन कागदावर होत नाही, ते समोरासमोर होतं. नावाशिवाय हा तपशील तिथे तोंडी सांगता येतो आणि सांगायलाच हवा. गोपनीयता म्हणजे इंटर्नने सारं एकट्याने पोटात ठेवायचं, हाही तितकाच रुजलेला गैरसमज आहे. शिकाऊ माणूस सुपरवायझरच्या जबाबदारीवर काम करत असतो, आणि हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगायचं असतं: मी शिकतो आहे, माझ्या कामावर अमुक व्यक्तीची देखरेख आहे, त्यांच्याशी मी बोलेन. स्वतःच्या विचारासाठी वेगळं टिपण ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. अमेरिकेच्या नियमांत तर अशा खासगी टिपणांना फाइलपेक्षा वेगळं संरक्षण आहे. आपल्याकडे मात्र वेगळी वही ठेवली म्हणून ती कायद्याच्या हाताबाहेर गेली असं धरून चालू नये. वकील-अशील संवादाला पुराव्याच्या कायद्यात जे खास संरक्षण आहे, ते समुपदेशकाला दिलेलं नाही. न्यायालयाने मागितलं तर फाइलही जाईल आणि वहीही.

यावर काही जण उलट टोकाला जातात: मग धोक्याचं काही लिहूच नये, अंगावर येणार नाही. यात कायद्याचा चुकीचा अर्थ आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न मुलीचा आहे. इंटर्न काही महिन्यांनी जातो, त्याच्या जागी दुसरा येतो. आधीच्या फाइलमध्ये मरणाचा विषय नसेल, तर नवा माणूस तो पहिल्यापासून शोधत बसेल किंवा शोधणारच नाही. आणि काही अघटित घडलंच, तर 'विचारलं, सांगितलं, हे केलं' ही तारीखवार नोंद हाच काळजी घेतल्याचा पुरावा असतो. मागाहून फाइल नीटनेटकी करणं तर त्याहून वाईट. चूक सापडली तर त्यावर एकच रेघ मारायची, जुने शब्द वाचता आले पाहिजेत. शेजारी दुरुस्ती, त्या दिवसाची तारीख आणि सही.

गोपनीयता कुठे संपते याबद्दल मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 बराच स्पष्ट आहे. त्याचं कलम 23 मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतं आणि अपवादही सांगतं: उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला आवश्यक ती माहिती देणं, कोणाच्या जिवाला असलेला धोका टाळणं, दुसऱ्या व्यक्तीला इजेपासून वाचवणं, सक्षम न्यायालयाचा किंवा प्राधिकरणाचा आदेश. दुसऱ्याला वाचवताना त्या धोक्यापुरतीच माहिती द्यायची, असंही तिथे म्हटलं आहे. कॉलेजातल्या साध्या समुपदेशनाला हे कलम शब्दशः लागू होईलच असं नाही, पण मोजपट्टी म्हणून याहून चांगलं काही हाताशी नाही. आत्याला कल्पना द्यायची तर 'ती रात्री झोपत नाही, तिला एकटं ठेवू नका, गरज पडली तर इथे फोन करा' एवढंच. दुकानदाराचा विषय आत्यापर्यंत जात नाही.

हीच मुलगी 17 वर्षांची असती आणि तिने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं असतं, तर गणित पूर्ण बदलतं. पोक्सो कायदा 2012 चं कलम 19 अशी माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीवर ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवण्याचं बंधन घालतं, आणि न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. 'हे आपल्यातच राहील' असं वचन अल्पवयीन क्लायंटला म्हणूनच देता येत नाही. अशा वेळी नोंदीत मुलीचे शब्द जसेच्या तसे, आपण विचारलेला प्रश्न, आणि कोणाला किती वाजता कळवलं हे लिहायचं. खोदून खोदून विचारायचं नाही, तपास पोलिसांचा.

नोंद इंटर्नची असते, हा आणखी एक समज. ती संस्थेच्या ताब्यात असते आणि क्लायंटविषयी असते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 25 रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क देतं; गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका होईल असाच भाग रोखता येतो. पहिल्या नोंदीतली 'हट्टी' आणि 'लक्ष वेधण्यासाठी' हे शब्द त्या मुलीने स्वतः वाचले तर तिचं काय होईल, ही कल्पनाच ते न लिहायला पुरेशी आहे. फाइल संस्थेची असल्याने पानाचा फोटो फोनमध्ये ठेवणं, तो मित्रांच्या ग्रुपवर 'मदत हवी' म्हणून टाकणं, इंटर्नशिप संपल्यावर झेरॉक्स घरी नेणं यातलं काहीच चालत नाही.

राहिला परीक्षेसाठी लिहायचा केस रिपोर्ट. तिथे सगळ्यात जास्त घसरायला होतं, कारण तो परीक्षकांपासून वर्गमित्रांपर्यंत अनेकांच्या हाती जातो आणि गुण तपशिलांना मिळतात असं वाटतं. त्यासाठी क्लायंटची वेगळी, लेखी संमती लागते. सेशनला दिलेली संमती इथे पुरत नाही. संमतीनंतरही नाव बदलून भागत नाही. गाव, वर्ष, नातलगांचे व्यवसाय, मृतांची संख्या हे सगळं सैल करावं लागतं: 'नैसर्गिक आपत्तीत जवळचे नातलग गमावलेली तरुणी' इतकं. काही वेळा एवढं सैल केल्यावर केस समजेनाशी होते, कारण दरड हाच तिचा गाभा असतो. मग तपशील बदलून खोटी केस रचू नये आणि खरी उघडही करू नये. परीक्षेसाठी दुसरी केस निवडावी, आणि या केसबद्दल जे शिकायचं आहे ते सुपरवायझरसमोर, बंद दाराआड शिकावं.